"आम्ही दोघंही लबाड": बोलणारा स्वतःलाच वाक्यात ओढतो तेव्हा सच्चा-लबाड कोडं कसं फोडायचं

एक बेट आहे, तिथे दोनच प्रकारची माणसं राहतात, एक नेहमी खरंच बोलणारी आणि दुसरी नेहमी खोटंच बोलणारी, दिसायला सगळी सेम टू सेम, आणि आपण तिथे जाऊन कोण कोण आहे ते फक्त त्यांच्या बोलण्यावरून ओळखायचं. इंग्रजीत या प्रकाराला नाइट्स अँड नेव्ह्ज म्हणतात. रेमंड स्मलियन नावाचा अमेरिकन लॉजिशियन होता (१९१९ ते २०१७, जादूचे प्रयोग करायचा, पियानोही वाजवायचा), त्याने १९७८ पासून पुस्तकांमागून पुस्तकं काढून ही कोडी जगभर पोचवली. आता ती रिझनिंगच्या क्लासपासून फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डपर्यंत सगळीकडे भेटतात.

यातला एकच प्रकार इथे घेतोय पण नीट घेतोय. दोन माणसं समोर उभी आहेत, बोलतो फक्त एक, आणि जे बोलतो ते दोघांबद्दल बोलतो, म्हणजे स्वतःला पण त्यात धरून. "आम्ही दोघंही लबाड आहोत" किंवा "आमच्यात एक तरी लबाड आहे" किंवा "आम्ही दोघं एकाच प्रकारचे आहोत". दुसरा शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. बघताना वाटतं एवढ्याशा माहितीवरून काय कळणार, पण बोलणारा स्वतःच वाक्यात अडकलेला असतो म्हणून भरपूर कळतं.

बोलणाऱ्याला अंत्या म्हणू आणि गप्प बसणाऱ्याला बंड्या. अजून एक पथ्य आत्ताच ठरवून टाकू, माणूस असेल तर "सच्चा" किंवा "लबाड" म्हणायचं, वाक्य असेल तर "खरं" किंवा "खोटं" म्हणायचं, आणि या दोन जोड्या कधी मिक्स करायच्या नाहीत. "खोटा माणूस" आणि "खोटं वाक्य" असं एकाच शब्दाने दोन्ही बोलायला लागलात की तिसऱ्या ओळीपर्यंत आपण कशाबद्दल बोलतोय तेच विसरायला होतं.

एकच करार, बाकी सगळं त्यातून येतं

बेटाचा नियम असा: अंत्या सच्चा असेल तर त्याचं वाक्य खरं, अंत्या लबाड असेल तर त्याचं वाक्य खोटं. उलट बाजूनेही तसंच, वाक्य खरं निघालं तर बोलणारा सच्चा आणि खोटं निघालं तर लबाड. म्हणजे दोन गोष्टी कायम जोडीने चालतात. अंत्याचा प्रकार एकीकडे आणि वाक्याचा खरेखोटेपणा दुसरीकडे, हे दोन्ही जुळले तर ती शक्यता जिवंत, नाही जुळले तर मेली.

आणि "वाक्य" म्हणजे पूर्ण वाक्य, त्याचे तुकडे नाहीत. यावर जरा थांबूया कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. लबाडाला नियम फक्त एवढाच आहे की त्याचं एकूण वाक्य खोटं असलं पाहिजे. "मी लबाड आहे आणि बंड्या पण लबाड आहे" हे वाक्य खोटं पडायला त्यातला एक तुकडा खोटा असला तरी पुरतं, दुसरा तुकडा बिनधास्त खरा असू शकतो. "अरे पण लबाड माणूस स्वतःला लबाड कसा म्हणेल, ते तर खरं झालं ना" असा प्रश्न येतो तो यामुळेच. नुसतं "मी लबाड आहे" एवढंच वाक्य कोणीच बोलू शकत नाही हे बरोबर आहे, सच्चा बोलला तर खोटं होईल आणि लबाड बोलला तर खरं होईल, दोन्हीकडून मेला. पण तेच मोठ्या वाक्याच्या पोटात एक तुकडा म्हणून बसलं असेल तर चालतं, फक्त बाकीच्या तुकड्याने पूर्ण वाक्य खोटं करून दिलं पाहिजे.

पहिलं उदाहरण, पूर्ण हाताने

अंत्या म्हणतो, "आम्ही दोघंही लबाड आहोत."

कागद घ्या आणि चार ओळी लिहा, कारण दोन माणसं आणि प्रत्येकाचे दोन प्रकार म्हणजे चारच शक्यता. पहिले दोन कॉलम माणसांचे, तिसरा वाक्याचा. तिसरा कॉलम भरताना वाक्य कोण बोललंय ते पूर्ण विसरून जायचं, जणू भिंतीवर लिहिलेलं वाक्य वाचताय, आणि त्या ओळीतली परिस्थिती असेल तर वाक्य खरं की खोटं एवढंच लिहायचं. बोलणारा कोण आहे ते फक्त चौथ्या कॉलममध्ये आणायचं.

| अंत्या | बंड्या | "दोघंही लबाड" | जुळतं का? |
|---|---|---|---|
| सच्चा | सच्चा | खोटं | नाही |
| सच्चा | लबाड | खोटं | नाही |
| लबाड | सच्चा | खोटं | हो |
| लबाड | लबाड | खरं | नाही |

चौथा कॉलम असा भरला: पहिल्या ओळीत अंत्या सच्चा पण वाक्य खोटं, सच्चा खोटं बोलू शकत नाही, ओळ बाद. दुसरी पण त्याच कारणाने बाद. तिसऱ्या ओळीत अंत्या लबाड आणि वाक्य खोटं, जुळलं. चौथ्यात अंत्या लबाड पण वाक्य खरं निघतंय, लबाड खरं बोलू शकत नाही, बाद. उरली एकच ओळ, अंत्या लबाड, बंड्या सच्चा.

टेबल न काढता तोंडी असं सांगता येतं: सच्चा माणूस स्वतःला लबाडांत मोजणारच नाही, म्हणून अंत्या लबाड. मग त्याचं वाक्य खोटं, म्हणजे "दोघंही लबाड" हे खोटं. एक लबाड तर हातात आहेच, अंत्या स्वतः, मग वाक्य खोटं पडायला बंड्या सच्चाच पाहिजे.

इथे एक चूक फार कॉमन आहे. "दोघंही लबाड" हे खोटं म्हटल्यावर लोक घाईत त्याचं उलट "दोघंही सच्चे" असं करतात, आणि मग अंत्या सच्चा निघाला म्हणून गोंधळून कोडंच चुकीचं आहे म्हणतात. "दोघंही लबाड" खोटं असेल तर कळतं एवढंच की निदान एक तरी सच्चा आहे. तसंच "एक तरी लबाड" खोटं असेल तर एकही लबाड नाही, म्हणजे दोघंही सच्चे. "दोघंही" उलटं केलं की "एक तरी" येतं आणि "एक तरी" उलटं केलं की "दोघंही" येतं, सोबत लबाडाचा सच्चा आणि सच्चाचा लबाड होतो.

"एक तरी" आणि "एकच", इथे वाक्य नीट ऐका

आता अंत्या म्हणतो, "आमच्यात एक तरी लबाड आहे."

समजा अंत्या लबाड आहे. मग त्याचं वाक्य खोटं, म्हणजे दोघांत एकही लबाड नाही, पण आत्ताच आपण अंत्याला लबाड धरलंय. टक्कर झाली. म्हणून अंत्या सच्चा, त्याचं वाक्य खरं, एक तरी लबाड आहे, अंत्या नाहीये म्हणजे बंड्या लबाड. एकच उत्तर, आणि पहिल्या उदाहरणाच्या बरोबर उलट.

पण हेच कोडं बरेचदा "आमच्यातला एक लबाड आहे" असं छापलेलं असतं आणि मग भांडणं होतात, कारण "एक" म्हणजे निदान एक की फक्त एक ते त्यात सांगितलेलंच नाही. "एकच" धरून बघूया, म्हणजे एक सच्चा आणि एक लबाड. चार ओळी: दोघंही सच्चे असतील तर वाक्य खोटं आणि बोलणारा सच्चा, बाद. अंत्या सच्चा आणि बंड्या लबाड असेल तर वाक्य खरं, जुळलं. अंत्या लबाड आणि बंड्या सच्चा असेल तर वाक्य खरं पण बोलणारा लबाड, बाद. दोघंही लबाड असतील तर वाक्य खोटं आणि बोलणारा लबाड, जुळलं. दोन ओळी उरल्या, आणि दोन्हीत बंड्या लबाड आहे पण अंत्याचं काही कळत नाही.

म्हणजे एका "तरी" वरून उत्तर बदललं. बंड्या दोन्हीकडे लबाडच निघाला हे खरं पण अंत्याबद्दल एकीकडे पक्कं सांगता येतं आणि दुसरीकडे अजिबात नाही. कोडं दुसऱ्याला घालणार असाल तर "एक तरी" किंवा "एकच" स्पष्ट लिहा, आणि सोडवणारे असाल व वाक्य मोघम असेल तर दोन्ही अर्थ करून बघा, कोणत्या अर्थाने एकच उत्तर येतं ते बहुतेक वेळा कोडं घालणाऱ्याच्या मनातलं असतं.

असंच दुसरं घसरडं वाक्य म्हणजे "आम्ही दोघं लबाड नाही". याचा अर्थ दोघांपैकी कोणीच लबाड नाही असाही होतो आणि "दोघंच्या दोघं लबाड आहेत असं काही नाही" असाही होतो, पहिल्यात दोघंही सच्चे, दुसऱ्यात एक तरी सच्चा. ऐकणाऱ्याने आधी हे फोडून लिहायचं, मगच टेबलला हात लावायचा.

"आम्ही एकाच प्रकारचे आहोत", माझं आवडतं

हे वाक्य मला सगळ्यात भारी वाटतं कारण यात अंत्याबद्दल काहीच कळत नाही आणि तरीही बंड्याबद्दल शंभर टक्के कळतं.

समजा अंत्या सच्चा. वाक्य खरं, दोघं सारखे, म्हणून बंड्या सच्चा. समजा अंत्या लबाड. वाक्य खोटं, म्हणजे दोघं वेगवेगळे, अंत्या लबाड तर बंड्या सच्चा. दोन्ही रस्त्यांनी गेलो तरी बंड्या सच्चाच. अंत्या कोण आहे ते देवालाच माहिती.

असं का होतं ते बघा. वाक्यात अंत्याचा प्रकार एकदा येतो ("मी बंड्यासारखा") आणि वाक्य बोलणारा म्हणून अंत्याचा प्रकार दुसऱ्यांदा येतो. लबाड असेल तर दोनदा उलटं होतं आणि दोनदा उलटं म्हणजे सुलटं. अंत्या दोन्हीकडून कटतो आणि खाली फक्त बंड्या उरतो. "आम्ही वेगवेगळ्या प्रकारचे आहोत" म्हणाला तर त्याच हिशोबाने बंड्या लबाड, आणि वर "एकच लबाड" मध्ये आलं ते हेच वाक्य होतं, फक्त वेगळ्या कपड्यात, कारण दोघांत एकच लबाड असणं म्हणजेच दोघं वेगवेगळे असणं.

इथेच अर्धवट सोडवणारे पकडले जातात. ते काय करतात, अंत्याला सच्चा धरतात, बंड्या सच्चा येतो, कुठे टक्कर होत नाही, म्हणून "दोघंही सच्चे" असं उत्तर लिहून मोकळे होतात. टक्कर झाली नाही म्हणजे एवढंच सिद्ध झालं की ती एक शक्यता आहे, तीच एकमेव आहे हे सिद्ध झालेलं नाही. दुसरा रस्ता, म्हणजे अंत्या लबाड धरून, चालून बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. पहिल्या दोन उदाहरणांत एक रस्ता टक्कर होऊन बंद झाला म्हणून दुसरा पक्का झाला होता. इथे एकही बंद होत नाही.

प्रश्न म्हणून हे वाक्य अजून कामाचं आहे. अंत्याला विचारा, "तुम्ही दोघं एकाच प्रकारचे आहात का?" तो "हो" म्हणाला की बंड्या सच्चा, "नाही" म्हणाला की बंड्या लबाड, आणि अंत्या कोण हे कळायची गरजच नाही.

"जर-तर" आलं की घाबरायचं नाही

अंत्या: "मी सच्चा असेन, तर बंड्या पण सच्चा आहे."

रोजच्या बोलण्यात जर-तरचे पन्नास अर्थ असतात, या कोड्यांमध्ये मात्र एकच: "जर" वाला भाग खरा आणि "तर" वाला भाग खोटा असेल तेव्हाच वाक्य खोटं, बाकी सगळ्या वेळी खरं. "जर" वाला भागच खोटा असेल तर वाक्य आपोआप खरं धरायचं. हे ऐकायला विचित्र वाटतं पण हा कोड्यांचा ठरलेला नियम आहे, पटत नसेल तर जर-तर काढून टाका आणि त्याजागी "मी लबाड आहे किंवा बंड्या सच्चा आहे" असं लिहा, दोन्ही सेमच आहेत.

आता हे वाक्य खोटं कधी? फक्त अंत्या सच्चा आणि बंड्या लबाड असेल तेव्हा. अंत्या लबाड असेल तर वाक्य खोटं असायला पाहिजे, पण वाक्य खोटं होण्यासाठी अंत्या सच्चा लागतो. टक्कर. म्हणून अंत्या सच्चा, वाक्य खरं, "जर" वाला भाग खरा झाला, म्हणून बंड्या पण सच्चा. दोघंही सच्चे आणि हे एकमेव उत्तर.

गंमत अशी की सरळ "आम्ही दोघंही सच्चे आहोत" म्हणाला असता तर जवळजवळ काहीच कळलं नसतं. सच्चा म्हणू शकतो, दोघं सच्चे असतील तर. लबाडही म्हणू शकतो, बंड्या कोणीही असला तरी, कारण अंत्या लबाड असल्यामुळे ते वाक्य खोटंच आहे. तीन ओळी जिवंत राहतात, फक्त "अंत्या सच्चा, बंड्या लबाड" ही एक बाद होते. स्वतःची स्तुती करणाऱ्या वाक्यातून फार माहिती मिळत नाही, स्वतःला कुठेतरी लबाड म्हणणाऱ्या वाक्यातून मिळते.

शॉर्टकट, पण कशावर चालतो ते बघून

वरची सगळी उदाहरणं शेजारी ठेवली तर एक पॅटर्न दिसतो. वाक्य "मी लबाड" आणि अजून काहीतरी अशा दोन तुकड्यांत फोडता आलं की मधला शब्द कोणता आहे त्यावर उत्तर ठरतं. त्या दुसऱ्या तुकड्याला "बाकी" म्हणू.

"मी लबाड आहे आणि बाकी" असं असेल तर अंत्या लबाड, आणि बाकी खोटं. सच्चा हे बोलूच शकत नाही, आणि लबाड बोलला म्हणजे पहिला तुकडा खरा असल्यामुळे वाक्य खोटं पाडायची जबाबदारी पूर्ण दुसऱ्या तुकड्यावर येते.

"मी लबाड आहे किंवा बाकी" असं असेल तर अंत्या सच्चा, आणि बाकी खरं. लबाड बोलला असता तर पहिल्याच तुकड्याने वाक्य खरं झालं असतं.

आता लावून बघा. "दोघंही लबाड" म्हणजे मी लबाड आणि बंड्या लबाड, म्हणून अंत्या लबाड आणि "बंड्या लबाड" हे खोटं. "एक तरी लबाड" म्हणजे मी लबाड किंवा बंड्या लबाड, म्हणून अंत्या सच्चा आणि बंड्या लबाड. जर-तर वालं वर "किंवा" मध्ये बदललंच होतं, म्हणून अंत्या सच्चा आणि बंड्या सच्चा. "मी लबाड आहे पण बंड्या सच्चा आहे" मध्ये "पण" म्हणजे "आणि" च, म्हणून अंत्या लबाड आणि बंड्या सच्चा हे खोटं, दोघंही लबाड. हे शेवटचं ऐकून लोक हमखास फसतात, कारण वाक्य एवढं प्रामाणिक कबुलीसारखं वाटतं की बंड्याला सच्चा मानायचा मोह होतो.

शॉर्टकट कुठे चालत नाही तेही सांगतो. "मी सच्चा आणि..." किंवा "मी सच्चा किंवा..." ने सुरू होणाऱ्या वाक्यांवर हा लागू नाही, तिथे गपचूप चार ओळी लिहा. उदाहरणार्थ "मी सच्चा आहे किंवा बंड्या लबाड आहे" यात तीन ओळी उरतात, फक्त दोघंही लबाड असण्याची शक्यता जाते. आणि "मी सच्चा आहे" हे एकटं वाक्य तर कोणीही म्हणू शकतो, त्यातून शून्य माहिती.

उलटा प्रवास: उत्तर आधी, वाक्य नंतर

स्वतः कोडी बनवायची असतील, मुलांसाठी किंवा ग्रुपवर टाकायला, तर टेबल उलटं चालवा. आधी ठरवा कोणती ओळ जिवंत ठेवायची आणि बाकी मारायच्या. अंत्या सच्चा असलेल्या ओळींसाठी, ओळ जिवंत ठेवायची तर तिथे वाक्य खरं पाहिजे, मारायची तर खोटं. अंत्या लबाड असलेल्या ओळींसाठी बरोबर उलट, जिवंत ठेवायची तर खोटं, मारायची तर खरं.

समजा उत्तर "दोघंही लबाड" एवढंच यायला हवंय. सच्चा अंत्याच्या दोन्ही ओळी मारायच्या, तिथे वाक्य खोटं. अंत्या लबाड आणि बंड्या सच्चा ही ओळ मारायची, तिथे वाक्य खरं. दोघंही लबाड ही ठेवायची, तिथे वाक्य खोटं. म्हणजे असं वाक्य शोधा जे फक्त "अंत्या लबाड, बंड्या सच्चा" या एकाच परिस्थितीत खरं आहे. अंत्याच्या तोंडून ते होतं "मी लबाड आहे आणि बंड्या सच्चा आहे". वर आलेलं तेच.

चार ओळी, प्रत्येकीत खरं किंवा खोटं, म्हणजे अर्थाने वेगळी अशी एकूण सोळाच वाक्यं होतात, बाकी सगळा शब्दांचा मेकअप. या सोळांपैकी फक्त चार वाक्यं दोघांचंही पक्कं उत्तर देतात, आणि ती चारही वर येऊन गेली: दोघंही लबाड, एक तरी लबाड, मी लबाड पण तो सच्चा, आणि जर-तर वालं. एक वाक्य कोणीच बोलू शकत नाही, "मी लबाड आहे". उरलेल्या अकरांमध्ये दोन, तीन किंवा चारही ओळी जिवंत राहतात. म्हणून कोड्यात एकच माणूस एकदाच बोलत असेल आणि दोघांचंही उत्तर मागितलं असेल तर तुमचं वाक्य या चारपैकीच कुठलंतरी निघालं पाहिजे, नाही निघालं तर एकतर वाचण्यात काही चुकलंय किंवा कोडंच अपुरं आहे.

तपासायला कॉम्प्युटर हाताशी असेल तर पायथनमध्ये पाच ओळी पुरतात. इथे `True` म्हणजे सच्चा, `A` अंत्या आणि `B` बंड्या:

```python
for A in (True, False):
    for B in (True, False):
        S = (not A) and (not B)   # दोघंही लबाड
        if A == S:
            print(A, B)
```

उत्तर `False True` येतं. वाक्य बदलायचं तर फक्त `S` ची ओळ बदला, "एक तरी लबाड" साठी `(not A) or (not B)` आणि "एकाच प्रकारचे" साठी `A == B`. सगळा जीव `if A == S` मध्ये आहे, तोच तो करार.

बंड्यानेही तोंड उघडलं तर

मग प्रत्येकाच्या वाक्याचं वेगळं टेबल करायचं आणि दोन्हीत जिवंत असलेल्या ओळीच ठेवायच्या. बंड्याचं वाक्य तपासताना जुळवायचं ते बंड्याच्या कॉलमशी, अंत्याच्या नाही, सवयीने हात अंत्याकडेच जातो म्हणून सांगतोय.

अंत्या: "आम्ही दोघंही सच्चे आहोत." बंड्या: "अंत्या लबाड आहे."

अंत्याच्या वाक्याने फक्त "अंत्या सच्चा, बंड्या लबाड" ही ओळ मारली होती. बंड्याच्या वाक्याचं बघू. दोघंही सच्चे: वाक्य खोटं, बंड्या सच्चा, बाद. अंत्या सच्चा आणि बंड्या लबाड: वाक्य खोटं, बंड्या लबाड, जुळलं, पण ही ओळ अंत्याने आधीच मारली आहे. अंत्या लबाड आणि बंड्या सच्चा: वाक्य खरं, बंड्या सच्चा, जुळलं. दोघंही लबाड: वाक्य खरं पण बंड्या लबाड, बाद. दोन्हीकडे जिवंत अशी एकच ओळ, अंत्या लबाड, बंड्या सच्चा. एकेकट्या वाक्याने काही ठरत नव्हतं, दोन्ही मिळून ठरलं.

कधीकधी एकही ओळ उरत नाही. अंत्या म्हणाला "आम्ही दोघंही लबाड" आणि बंड्या म्हणाला "आम्ही एकाच प्रकारचे", तर पहिल्यावरून अंत्या लबाड आणि बंड्या सच्चा, दुसऱ्यावरून अंत्या सच्चा. अशी जोडी त्या बेटावर असूच शकत नाही, कोडं बनवणाऱ्याची चूक. अशा वेळी ओढूनताणून उत्तर काढत बसायचं नाही, पण तसं जाहीर करण्याआधी दोन्ही टेबलं एकदा परत बघून घ्या.

हे सगळं कुठे मोडतं

पूर्ण पद्धत उभी आहे ती "प्रत्येक माणूस सच्चा किंवा लबाड, तिसरं काही नाही" या अटीवर. काही कोड्यांत तिसरा प्रकार असतो, मनात येईल तसं बोलणारा, कधी खरं कधी खोटं, त्याला मनमौजी म्हणू. त्याच्या प्रकारावरून वाक्याबद्दल काहीच सांगता येत नाही, म्हणून बोलणारा मनमौजी धरलेल्या ओळी त्याच्या वाक्याने कधी बाद होत नाहीत. कोड्यात सुरुवातीलाच असा कोणी आहे का ते वाचून घ्या, चुपचाप एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

"आम्ही दोघंही लबाड आहोत" हेच वाक्य तिथे घेऊन बघा. आता ओळी चार नाहीत, नऊ. अंत्या सच्चा असलेल्या तिन्ही बाद, सच्चा स्वतःला लबाड म्हणत नाही. अंत्या लबाड असेल तर बंड्या लबाड नसला पाहिजे, म्हणजे तो सच्चा किंवा मनमौजी, दोन ओळी. अंत्या मनमौजी असेल तर बंड्या कोणीही चालेल, तीन ओळी. नऊपैकी पाच जिवंत, आणि साध्या बेटावर ज्या वाक्याने दोघांचाही निकाल लावला होता त्यातून इथे पक्कं एवढंच निघतं की अंत्या सच्चा नाही.